पद : पडेल ते

आमच्या जाहिरातीत पदाचं नाव होतं 'फाउंडर्स ऑफिस असोसिएट'. खाली जबाबदाऱ्यांचे सात मुद्दे होते आणि सातवा होता, 'वरील सर्व, तसेच वेळोवेळी लागेल ते'. पात्रता, कोणत्याही शाखेचा पदवीधर. अनुभव, शून्य ते एक वर्ष. अपेक्षित गुण, 'भूक'. हे शेवटचं संस्थापकांच्या हातचं. अर्ज ढिगाने आले, कारण या एका गुणाचा आपल्याकडे कधीच तुटवडा नव्हता.

आमची कंपनी पुण्यात बाणेरला, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. शेतकरी सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन केंद्रावर येतो, दूध मोजलं जातं, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ पाहिलं जातं, त्यावरून दर निघतो आणि दहा दिवसांनी बिल. या नोंदी बिनचूक राहाव्यात, एवढ्यासाठी आमचा सगळा खटाटोप. संस्थापक सत्तावीस वर्षांचे आहेत. ऑफिसात 'सर' म्हणायचं नाही असा त्यांचा नियम आहे आणि तो मोडला की ते मनातून खूश होतात. मी चाळिशी ओलांडलेला एकमेव कर्मचारी. त्यामुळे माणसं ओळखण्याची कला मला वयपरत्वे आली असणार असं गृहीत धरून मुलाखती माझ्या गळ्यात पडल्या.

मी संस्थापकांना विचारलं, "हा माणूस आल्यावर नक्की काय करणार?"

"सगळं," ते म्हणाले.

"सोमवारी सकाळी दहा वाजता काय करणार?"

ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "ते त्याने स्वतःच शोधून काढायला हवं. तेच तर बघायचंय."

आता, काम धूसर असणं हे लहान कंपनीत काही पाप नाही. चारजणांत दहाजणांची कामं असतात आणि ती दर महिन्याला बदलतात. पण काम धूसर असणं वेगळं आणि आपणच ते कधी कागदावर न मांडणं वेगळं. मी गेल्या दोन महिन्यांत 'कोणीतरी करायला हवं होतं' या सदरात पडलेल्या कामांची यादी काढली. सकाळी सातला केंद्राच्या सचिवांचा फोन घेऊन, पावती कोरी निघते म्हणजे कागदाचा रोल उलटा बसलाय, हे न हसता समजावून सांगणं. संघाकडून आलेलं नवं दरपत्रक तपासून चढवणं. एसटीने इंदापूरकडे जाऊन संध्याकाळच्या संकलनाला दोन तास नुसतं उभं राहणं आणि परत आल्यावर काय पाहिलं ते एका पानात लिहिणं. गुंतवणूकदारांसाठीच्या स्लाइडा. यादी वाचल्यावर धुकं बरंच विरलं. या सगळ्या कामांत समान गोष्ट एकच होती. ज्यातलं आपल्याला काही कळत नाही असं काम अंगावर आलं, तर ते तासाभरात कळण्याजोगं करून घ्यायचं, आणि कुठे आपल्या मनाने पुढे जायचं, कुठे थांबून विचारायचं, हे ओळखायचं. एवढंच मुलाखतीत तपासायचं होतं.

पण ते तपासायचं कसं? फ्रेशरला 'तू लवकर शिकतोस का?' असं विचारण्यात अर्थ नाही. 'नाही हो, मी फार हळू शिकतो' असं उत्तर देणारा अजून जन्माला आलेला नाही, आणि आला तर त्याच्या प्रामाणिकपणासाठीच त्याला ठेवून घ्यावं लागेल. बायोडेटांवर हे आधीच छापलेलं असतं : क्विक लर्नर, सेल्फ स्टार्टर, टीम प्लेयर. तिन्ही शब्द इतक्या जणांच्या कागदावर त्याच क्रमाने होते की बायोडेटासुद्धा सहकारी तत्त्वावर संकलित होतो की काय, अशी मला शंका आली.

संस्थापकांचा ओढा कोड्यांकडे होता. "पुण्यात चहाच्या टपऱ्या किती, असं विचारूया. विचार करण्याची पद्धत कळते." मी म्हटलं, ही पद्धत ज्या गूगलच्या नावाशी जोडली जाते, त्या गूगलचेच तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी 2013 मध्ये जाहीर मुलाखतीत सांगून टाकलं होतं की अशी कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय; त्यांतून काही कळत नाही, विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं एवढंच. संस्थापकांचा चेहरा पडला. पण गूगलचं नाव निघाल्यामुळे त्यांनी वाद घातला नाही. माझंच मत म्हणून सांगितलं असतं तर आम्ही आज टपऱ्या मोजत असतो.

शेवटी मी एक कागद तयार केला. एका केंद्राच्या एका संध्याकाळच्या 40 नोंदी : सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ. सभासदांची नावं काढून टाकलेली. सोबत त्याच दिवसाची सकाळची यादी आणि दराचा नियम. 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ असलेल्या दुधाला लिटरमागे 34 रुपये. फॅट किंवा एसएनएफ 0.1 ने वाढलं की 30 पैसे जास्त, कमी झालं की 30 पैसे कमी. (खरं दरपत्रक याहून बरंच वाकडं असतं. हा मुलाखतीपुरता सोपा केलेला नियम.) काम एकच : संध्याकाळचं एकूण देणं काढा आणि केंद्राला पाठवण्याजोगं करा. वेळ एक तास. हवं ते वापरा, हवं त्याला विचारा. कागदाच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शंका असल्यास केंद्राच्या सचिवांना फोन करा', आणि पुढे नंबर. पलीकडच्या खोलीत आमचा एक सहकारी सचिव होऊन बसला होता. तो मूळचा फलटणकडचा. धारेच्या वेळी फोन आल्यावर माणूस कसा वैतागतो याचं नाटक त्याला करावंच लागत नव्हतं.

कागदात तीन गोमा होत्या. एका ओळीत फॅट 8.4 आणि एसएनएफ 3.6 पडलं होतं. रकाने उलटे भरले गेले होते. दुसऱ्या ओळीत 125 लिटर दूध होतं. पण त्याच सभासदाने सकाळी 13.2 लिटर घातलेलं, म्हणजे संध्याकाळचं 12.5 असणार आणि दशांशचिन्ह गळालं. त्या दुधाची प्रत 3.7 आणि 8.5, दर 34 रुपये 60 पैसे. म्हणजे 432 रुपये 50 पैशांऐवजी 4,325 रुपये जाणार होते. तिसरी गोम माझी लाडकी. सभासद क्रमांक 17 दोनदा आला होता. एकदा फॅट 3.8, एकदा 6.8. ही चूक नव्हतीच. त्या शेतकऱ्याकडे गाय आहे आणि म्हैसही आहे. दोन किटल्या, दोन नोंदी. जो उमेदवार घाईने साफसफाई करील, तो एका माणसाची म्हैस दावणीतून सोडून देणार.

पहिला मुलगा तयारीचा होता. इस्त्रीचा शर्ट, इंग्रजी फर्डं, 'लर्निंग कर्व्ह' हा शब्द बसायच्या आधीच वापरून झाला होता. संस्थापकांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, म्हणजे मुलाखत संपली असं त्यांना म्हणायचं होतं. त्याने लॅपटॉप उघडला आणि पंचवीस मिनिटांत पैशापर्यंत हिशोब काढून दिला. सोबत एक रंगीत आलेखही होता. म्हैस सुटली होती. 125 लिटरचा सभासद आलेखात सगळ्यांच्या वर डोकं काढून उभा होता आणि त्याला 'टॉप परफॉर्मर' असं शीर्षक मिळालं होतं.

इथे मुलाखत संपत नाही, खरी सुरू होते. पहिल्या प्रयत्नात चुका होणारच. मुलगा दुधातला नाही आणि त्याने काही बघितलेलं नाही. शिकण्याची क्षमता पहिल्या उत्तरात दिसत नसते. पहिल्या आणि दुसऱ्या उत्तरातल्या फरकात दिसते. म्हणून प्रत्येकाला मी एकच, सारखीच सूचना द्यायची ठरवलं होतं : "17 क्रमांकाकडे पुन्हा एकदा बघ." मग दहा मिनिटं गप्प बसायचं. गप्प बसणं हा मुलाखत घेणाऱ्याच्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. संस्थापकांना तर मी त्यासाठी चहा आणायला पाठवत असे.

पहिल्या मुलाने बघितलं आणि म्हणाला, "हो, डुप्लिकेट होता, काढला."

"दोन्ही ओळी सारख्या आहेत का?"

"नाही, पण सभासद एकच आहे ना. डुप्लिकेट तर काढायचेच असतात." मग डुप्लिकेट काढायच्या तीन पद्धती त्याने मला सांगितल्या. मला त्यातली एकच माहीत होती, म्हणजे तासाभरात एक माणूस शिकला, पण तो मी.

दुसरा मुलगा याच्या बरोबर उलट टोकाचा. पेनाने लिहू का पेन्सिलने, हे त्याने विचारलं. कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं तर चालेल का, तेही विचारलं. तिन्ही गोमा त्याला दिसल्या होत्या, हे त्याची नजर कागदावर कुठे अडखळते यावरून मला कळत होतं. पण फोन नंबरावर बोट ठेवून तो बसून राहिला. तास संपल्यावर विचारलं, फोन का नाही केलास? तो म्हणाला, "मला वाटलं, तसं केलं तर मार्क कापतील."

हसू नका. आलेल्यांपैकी बहुतेकांनी फोन केला नाही. पंधरा-सोळा वर्षं आपण पोरांना शिकवतो की परीक्षेत दुसऱ्याला विचारणं म्हणजे कॉपी. मग ऑफिसच्या पहिल्या दिवशी त्यांच्याकडून अपेक्षा करतो की अडलं तर लगेच विचारावं. हा मुलगा मंद नव्हता. त्याला कुणी परवानगी दिली नव्हती एवढंच. त्याच्यासाठी मी सूचना बदलली नाही, कारण सगळ्यांना सारखंच वागवायचं ठरलं होतं. पण पुढच्यांसाठी सुरुवातीलाच तोंडाने सांगायला लागलो, "विचारलं तर गुण कापले जात नाहीत." आणि त्या मुलालाही नव्या सूचनेसह दुसरा कागद सोडवायला पुन्हा बोलावलं. अपेक्षा लपवून ठेवायच्या आणि नंतर 'याच्यात इनिशिएटिव्ह नाही' म्हणायचं, हा उमेदवाराचा दोष नव्हे.

मग डोंबिवलीची एक मुलगी आली. बी.ए., राज्यशास्त्र. गाई-म्हशींशी संबंध विचारला तर म्हणाली, "पिशवीचा कोपरा कापण्यापुरता." तिने कागद हातात घेतला आणि पाच मिनिटं काहीच केलं नाही. संस्थापक अस्वस्थ झाले. मग ती म्हणाली, "एसएनएफ म्हणजे काय, ते मला माहीत नाही. फ्रिजमध्ये दुधाची पिशवी आहे का?"

तिने पॅन्ट्रीतून अर्धी वापरलेली, रबरबँड लावलेली टोन्ड दुधाची पिशवी आणली आणि मागचं बारीक अक्षर वाचलं. फॅट 3.0 टक्के, एसएनएफ 8.5 टक्के. वहीत लिहून घेतलं. मोबाइलवर शोधून, एसएनएफ म्हणजे स्निग्धांश आणि पाणी वगळून दुधात जे उरतं ते, हेही लिहिलं. मग शेजारी लिहिलं, 'फुल क्रीम : 6 आणि 9. म्हणजे फॅट बरंच बदलतं, एसएनएफ साडेआठ-नऊच्या जवळच राहतं.' आणि तिथून ती थेट 8.4 आणि 3.6 च्या ओळीवर गेली आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं. मी या धंद्यात इतकी वर्षं आहे, पण पिशवी वाचायला सांगून शिकवता येईल हे मला सुचलं नव्हतं. आता नव्या माणसांना मी तसंच शिकवतो आणि कल्पना माझीच असल्यासारखं सांगतो.

तिने फोन केला. सचिव खेकसले, "आता दूध चालूय, लवकर बोला." तिला तीन प्रश्न विचारायचे होते; तिने एकच विचारला, तो 125 लिटरचा, कारण पैसे त्यात सर्वांत जास्त अडकले होते. 17 क्रमांक तिने विचारला नाही आणि दोन ओळींतली एक खोडली. म्हणजे म्हैस तिनेही सोडली! संस्थापकांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं.

मी ठरलेली सूचना दिली. ती त्या दोन ओळींकडे बघत राहिली. मग पुटपुटली, "3.8... 6.8... एकाच किटलीतलं दूध असं कसं?" फुल क्रीमच्या आकड्याखाली तिने रेघ मारली. "यांच्याकडे दोन जनावरं आहेत?" खोडलेली ओळ परत घेतली. आणि मग तिने जे केलं त्यासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला होता. तिने उरलेल्या ओळी पुन्हा वरून खाली तपासल्या, आपण अशीच घाई आणखी कुठे केली का ते बघायला. कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी एकूण रकमेखाली लिहिलं, 'क्र. 17 आणि उलटे रकाने यांची खात्री सचिवांकडून उद्या सकाळी करून घ्यावी. तोवर बिल पाठवू नये.' तिच्या बेरजेत पाच रुपयांची चूक होती. बेरीज यंत्र करतं.

या कागदाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर कुणीतरी उद्या हाच कागद घेऊन बँकेतल्या पोरांची परीक्षा घेईल. एक मुलगा संगमनेरकडचा आला, घरी बारा गाई. त्याने तिन्ही गोमा सात मिनिटांत पकडल्या आणि तिसऱ्या ओळीतलं दूध पाणी घातलेलं दिसतंय हेही वर सांगितलं. संस्थापक नियुक्तिपत्र छापायला निघाले. पण त्याला हे येतच होतं. तो शिकताना मला दिसलाच नव्हता. त्याच्यासाठी दुसरा कागद काढावा लागला : मुंबईच्या एका हाउसिंग सोसायटीची मेंटेनन्सची बिलं. त्यात सिंकिंग फंड बघून तो जो गोंधळला, तिथून त्याची मुलाखत सुरू झाली.

शिवाय एका तासात चिकाटी दिसत नाही. ती बघायला सगळ्यांना एक ठरलेला प्रश्न होता : "मार्क, सर्टिफिकेट किंवा पैसे मिळणार नव्हते, तरी तू पुरी केलेली एखादी गोष्ट सांग." बरेचजण इथे कॉलेजच्या फेस्टचं नेतृत्व सांगतात. तिथे 'आम्ही' शब्द फार येतो. मग एकेक पायरी खाली उतरायचं. पहिल्या दिवशी तू स्वतः काय केलंस? नाही कोण म्हणालं? मग कुठे गेलास? बनाव असला तर तिसऱ्या पायरीला धूर येतो. दुसऱ्या कागदावर सुधारलेल्या त्या लाजऱ्या मुलाने मात्र सांगितलं की पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी त्यांच्या एकांकिकेचा एक दिवा तालमीत सतत विझायचा. तो रविवारी वायरमनकडे जाऊन बसला, होल्डर बदलायला शिकला आणि प्रयोगाला एक जास्तीचा होल्डर खिशात ठेवून विंगेत उभा राहिला. लागला का, विचारलं. "नाही लागला," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा अजूनही थोडा हिरमुसला होता.

सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे, काय दिसलं ते लगेच लिहून ठेवायचं आणि मगच आपसात बोलायचं, हा आमचा नियम. तो माझ्या वयाचा अनुभव नव्हे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये निवडपद्धतींवरचे जुने अभ्यास पुन्हा तपासले, तेव्हा अशा बांधीव मुलाखती सर्वांत वर आल्या आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखती बऱ्याच खाली घसरल्या. अर्थात, सर्वांत वर आलेली पद्धतसुद्धा भविष्य काही छातीठोक सांगत नाही. म्हणून आम्ही तीन महिन्यांचा उमेदवारीचा काळ ठेवला, पूर्ण पगारी. आणि कागद जुन्या नोंदींचा, तासाभराचाच ठेवला. 'असाइनमेंट' म्हणून चार दिवसांचं खरं काम फुकटात करून घेणाऱ्या कंपन्या उमेदवाराची क्षमता नव्हे, सहनशक्ती तपासत असतात.

निर्णयाच्या दिवशी संस्थापक म्हणाले, "तो इस्त्रीवाला मला आवडला होता. त्याच्यात एनर्जी होती." मी दोघांच्या टिपणांचे कागद पुढे ठेवले. त्यांनी स्वतःच्याच हस्ताक्षरात त्याच्या नावापुढे 'सूचनेनंतर बदल नाही' असं लिहिलं होतं. आपण लिहिलेलं नाकारणं स्टार्टअपवाल्यालाही जड जातं. डोंबिवलीच्या मुलीला बोलावणं गेलं.

ती आली आणि पगारावर बोलून झाल्यावर तिने विचारलं, "तीन महिन्यांनी मला ठेवायचं की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवणार?"

संस्थापक खिडकीबाहेर बघायला लागले. मी माझी यादी काढून तिच्यासमोर ठेवली. तिने ती वाचली, दोन कामांपुढे 'किती दिवसांत?' असं लिहिलं, एका कामापुढे 'हे कोण शिकवणार?' असं लिहिलं आणि कागद संस्थापकांकडे सरकवला. त्यावर उत्तरं लिहून सही करायला त्यांना पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात आमच्या कंपनीत हे पद पहिल्यांदा तयार झालं.

तेव्हा पोरांनो, 'वेळोवेळी लागेल ते' अशी जाहिरात दिसली तर अर्ज जरूर करा. पण पहिल्या महिन्याची कामं लेखी मागा, आणि 'ते तूच शोधून काढायचं' एवढंच उत्तर मिळालं तर पुढच्या कंपनीची वेळ घ्या.